सिम्स ४: साध्या टी-शर्टवर खणाचं कापड कसं चढवायचं, टेक्श्चर बदलायची सगळी पद्धत

सिम्स ४ चा बेस गेम १८ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट झाला आणि तेव्हापासून आपल्याकडे हा गेम खेळणारे बरेच वाढलेत. थोडे दिवस खेळलं की प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो, माझ्या सिमला, म्हणजे गेममधल्या माझ्या माणसाला, आपल्याकडचे कपडे का नाहीत. तसं २०२१ मध्ये मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून प्रेरणा घेतलेला फॅशन स्ट्रीट किट आला होता, पण तो विकत घ्यावा लागतो आणि खण, इरकल वगैरे हवं असेल तर शेवटी स्वतःच बसावं लागतं. चांगली गोष्ट ही की त्यासाठी थ्रीडी मॉडेलिंग यायची गरज नाही. गेममधलाच कपडा घ्यायचा, त्याचा आकार तसाच ठेवायचा आणि वरची चित्रं बदलायची.

"चित्रं" असं मुद्दाम म्हणतोय, कारण नवीन माणूस इथेच अडकतो. त्याला वाटतं कपडा म्हणजे एक चित्र, ते रंगवलं की झालं. मग गेममध्ये बघतो तर खणाच्या टॉपवर जुन्या टी-शर्टच्या कॉलरची कड उठलेली, मानेखाली काळपट वळ, आणि चमक भलत्याच ठिकाणी. एका कपड्याची चार चित्रं असतात, आणि एकच बदललं तर बाकीची तीन जुना कपडाच दाखवत राहतात. म्हणून खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलंय: बेस गेममधला अंगाला बसणारा, अर्ध्या बाह्यांचा, प्लेन टी-शर्ट, त्यावर खण, आणि गळा थोडा खोल.

काय काय लागेल

- सिम्स ४ स्टुडिओ. हे फॅन लोकांनी बनवलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, sims4studio.com वर मिळतं. गेमला मोठा अपडेट आला की याचंही नवीन व्हर्जन घ्यावं लागतं, जुनं तसंच वापरलं तर कपड्यांची यादी अर्धवट दिसणं, सॉफ्टवेअर बंद पडणं असले प्रकार होतात.
- पारदर्शकता आणि लेयर सांभाळणारा इमेज एडिटर. मी गिंपप्रमाणे सांगतोय कारण तो फुकट आहे. फोटोपी, क्रिटा, फोटोशॉप काहीही चालेल. विंडोजचं साधं पेंट मात्र नको.
- खणाचा फोटो. घरात आईच्या किंवा आजीच्या कपाटात एखादा खण सापडतोच, तो काढा. दुकानाच्या साइटवरून कुणाचं डिझाईन उचलू नका.
- गेम एकदा तरी सुरू करून बंद केलेला असावा, म्हणजे डॉक्युमेंट्समध्ये त्याचं फोल्डर तयार झालेलं असतं.

स्टुडिओ पहिल्यांदा उघडला की तो क्रिएटरचं नाव मागतो. खरं नाव द्यायची गरज नाही, पण जे द्याल ते फाइलच्या नावात लागतं, त्यामुळे उगाच asdf वगैरे टाकू नका.

१. चार चित्रं कोणती ते आधी समजून घ्या

पहिलं डिफ्यूज. हा कपड्याचा रंग, डिझाईन आणि घड्यांची सावली. सिम्स ४ मध्ये बऱ्याचशा घड्या खऱ्या नसतात, त्या या चित्रातच रंगवलेल्या असतात, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. डिफ्यूजमध्ये जिथे पारदर्शक आहे तिथे सिमची त्वचा दिसते.

दुसरं शॅडो. कपड्याच्या कडेची त्वचेवर पडणारी सावली, म्हणजे बाहीच्या खाली, गळ्याभोवती, कमरेला.

तिसरं नॉर्मल मॅप, याला बम्प मॅपही म्हणतात. शिलाई, कॉलरची जाडी, बटणांचा उठाव यातून येतो. यात रंग नसतो, फक्त उंच-सखल काय आहे एवढंच.

चौथं स्पेक्युलर, म्हणजे प्रकाश पडल्यावर कुठे किती चमकायचं.

आणखी एक गोष्ट कळली की पुढचं सगळं सोपं जातं. डिफ्यूजची साइज आता १०२४ × २०४८ पिक्सेल असते आणि ती फक्त टी-शर्टची नसते. सिमचं पूर्ण अंग त्या एका चौकटीत उलगडून ठेवलेलं असतं, शिंपी कापड कापायच्या आधी तुकडे पसरून ठेवतो तसं. टॉपची जागा वेगळी, पँटची वेगळी, बुटांची वेगळी. गेम सगळ्या कपड्यांची चित्रं एकावर एक रचून एकच मोठं चित्र बनवतो. म्हणून टॉपच्या चित्रात चुकून खाली पँटच्या जागेवर एखादा डाग पडला तर तो पँटवर उमटतो, आणि माणूस पँटमध्ये दोष शोधत बसतो.

(जुन्या ट्यूटोरियलमध्ये १०२४ × १०२४ साइज सांगितलेली असेल. ते आधीच्या काळातलं आहे, तुम्हाला जी साइज एक्सपोर्ट होऊन मिळेल तीच कायम ठेवा.)

२. कपडा निवडा आणि त्याची कॉपी करा

स्टुडिओच्या पहिल्या स्क्रीनवर CAS चा, म्हणजे Create a Sim चा विभाग आहे, तिथे दोन-तीन पर्याय दिसतील. Standalone म्हणजे मूळ कपडा तसाच राहतो आणि तुमचा नवा वेगळा तयार होतो. Override म्हणजे मूळ कपडाच बदलतो, मग गल्लीतले सगळे सिम तुमचा खण घालून फिरायला लागतात. 3D Mesh वाला पर्याय आकार बदलायचा असेल तर. आपल्याला Standalone हवंय. नवीन असाल तर Override कडे बघूही नका.

पुढच्या यादीत फिल्टर लावा: बेस गेम, टॉप, मोठ्या बाईचे कपडे. बेस गेमचाच घ्या कारण पॅकमधला घेतला तर ज्याच्याकडे तो पॅक नाही त्याला तुमचा टॉप दिसणारच नाही.

टी-शर्ट निवडताना तीन गोष्टी बघा. एक, अंगाला बसणारा हवा. दोन, त्यावर छापील चित्र, खिसा, झिप नको. तीन, त्याला पांढरा किंवा अगदी फिका स्वॅच, म्हणजे रंगाचा पर्याय, असायलाच हवा. काळ्या टी-शर्टच्या घड्या काळ्यातच बुडालेल्या असतात, त्या उजळून बाहेर काढायला गेलं की चट्टे पडतात. पांढऱ्यात सगळ्या घड्या स्वच्छ राखाडी रंगात मिळतात. तर फक्त पांढरा स्वॅच सिलेक्ट करा, Next करा आणि नाव देऊन सेव्ह करा. एक .package फाइल तयार होईल, आता सगळं काम हिच्यातच.

३. चारही चित्रं बाहेर काढा

फाइल उघडली की Texture टॅबमध्ये एका बाजूला सिम दिसतो आणि दुसरीकडे कुठलं चित्र बघायचं ते निवडता येतं. एकेक निवडा आणि प्रत्येक वेळी Export. चारही. नावं सरळ ठेवा:

```
khan_diffuse_mool.png
khan_shadow_mool.png
khan_normal_mool.png
khan_specular_mool.png
```

या मूळ फाइलींना हात लावायचा नाही, कॉपी करून त्यावर काम करायचं. कंटाळा येतो पण चार वेळा क्लिक करायला काही फार वेळ लागत नाही.

डिफ्यूज उघडून बघितलं की कुठला भाग पुढचा, कुठला पाठीचा, बाही कुठली हे लगेच कळत नाही. अंदाज करत बसू नका. टी-शर्टच्या भागावर वेगवेगळ्या रंगाचे चौकोन टाका, प्रत्येकात एक आकडा लिहा, आणि हे चित्र स्टुडिओत Import करा. सिम फिरवून बघा, कुठला आकडा कुठे पडतो ते दिसतं. चौकोन कुठे ताणले जातात तेही दिसतं, बहुतेक काखेत आणि खांद्यावर. तिथे बुट्टी आली तर ती लांबोडकी होणार हे आधीच माहीत झालेलं बरं.

४. खणाचं कापड तयार करा

खण सपाट पसरा, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, बरोबर वरून फोटो घ्या. फ्लॅश मारला की रेशमाची चमक फोटोत पक्की बसते आणि मग सिम अंधाऱ्या खोलीत उभा असला तरी छातीवर पांढरा झोत.

फोटोतून बुट्ट्यांचा असा तुकडा कापा की डावी कड उजवीला आणि वरची खालच्याला जुळेल. जुळतंय का ते बघायला गिंपमध्ये Layer > Transform > Offset आहे, त्यात निम्म्याने सरकवलं की जोड मधोमध येतो आणि तिथे काय फाटलंय ते दिसतं, तेवढं क्लोन टूलने बुजवा. मग हा तुकडा छोटा करून पॅटर्नसारखा भरा. काठ वेगळा ठेवा, तो नंतर हाताने लावायचाय.

बुट्टी किती लहान करायची? इथे सगळ्यांची चढाओढ असते बारीक नक्षीसाठी, आणि खऱ्या खणाची बुट्टी बारीकच असते हे खरं. पण गेम टेक्श्चर दाबून साठवतो, चार बाय चार पिक्सेलच्या ठोकळ्यांमध्ये, त्यामुळे एक पिक्सेलची जरीची रेघ तुमच्या एडिटरमध्ये कितीही सुंदर दिसली तरी गेममध्ये ती तुटक आणि मळकट होते. रेघ तीन-चार पिक्सेलची ठेवा आणि बुट्टी खऱ्यापेक्षा थोडी मोठी. एडिटरमध्ये जरा ढोबळ वाटेल पण गेममध्ये कॅमेरा लांबच असतो आणि तिथे ती बरोबर वाटते.

५. घड्या राखून कापड चढवा

लेयर खालीलप्रमाणे, खालून वर:

सगळ्यात खाली खणाचा पॅटर्न. त्याच्यावर काठ. सगळ्यात वर मूळ डिफ्यूजची कॉपी, रंग काढून राखाडी केलेली, तिचा मोड Multiply. राखाडी लेयर गढूळ असेल तर तुमचा जांभळा खण मेलेला दिसेल, म्हणून Colors > Levels मध्ये जाऊन कपड्याचा उजळ भाग जवळजवळ पांढरा होईपर्यंत ओढा, घड्यांचा काळपटपणा मात्र राहू द्या.

आता पॅटर्न सगळीकडे पसरलाय, तो टी-शर्टच्याच आकारात हवा. मूळ डिफ्यूजचा लेयर निवडा, Layer > Transparency > Alpha to Selection करा, आणि ते सिलेक्शन पॅटर्नच्या आणि काठाच्या लेयरला मास्क म्हणून लावा. हाताने लॅसोने कापत बसू नका, कडा करवतीसारख्या येतात. मूळ चित्रात रंग शिवणीच्या थोडा बाहेरपर्यंत गेलेला असतो आणि तो मुद्दाम असतो, तेवढा राहिला नाही तर काखेत आणि कुशीत त्वचेची बारीक रेघ चमकते.

काठ कुठे लावायचा? बाहीच्या खालच्या कडेला आणि टॉपच्या खालच्या घेराला. शिवलेल्या चोळीतही खणाचा काठ बाहीला येतो त्यामुळे ते बघायला बरोबर वाटतं. घेराचा काठ पुढच्या आणि पाठीच्या भागात एकाच उंचीवर यायला हवा, पण चौकटीत ही दोन्ही टोकं थोडी वर-खाली असू शकतात. एडिटरमध्ये सरळ रेघ मारून ते जुळत नाही, मगाशी टाकलेले आकडे वापरा. कुशीत एखाददोन पिक्सेलचा फरक राहिला तर सोडून द्या, हात खाली असले की तिथे कोणाचं लक्ष जात नाही.

पीएनजीमध्ये एक्सपोर्ट करा, साइज तीच, आणि स्टुडिओत डिफ्यूज निवडून Import.

६. गळा खोल करा, पण बेताने

गळ्याजवळचा भाग खोडला की तिथे त्वचा दिसायला लागते. मस्त वाटतं. पण ती त्वचा टी-शर्टच्या आकारावर चढलेली असते, खऱ्या अंगावर नाही. टी-शर्टचं कापड छातीच्या मधल्या भागावरून सरळ ताणलेलं असतं, त्यामुळे गळा फार खोल घेतला तर तिथे त्वचा ताडपत्रीसारखी सपाट दिसते. दोन बोटं खाली, यापेक्षा जास्त नको. त्याहून खोल गळा किंवा बिनबाह्यांचा टॉप हवा असेल तर आकारच बदलावा लागतो, म्हणजे ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर, आणि ते वेगळं प्रकरण आहे. त्यापेक्षा खोल गळ्याचाच दुसरा टॉप बेस गेममधून शोधा आणि पायरी २ पासून सुरू करा, ते लवकर होतं.

खोडण्यासाठी मूळ लेयर नाही, मास्क वापरा. आणि सगळ्या लेयरचा मास्क सारखाच हवा, नाहीतर खण गेला पण वरची राखाडी कॉलर तशीच राहिली असं होतं.

७. बाकीची तीन चित्रं, जी लोक विसरतात

गळा खाली आला पण शॅडो जुनीच आहे, म्हणजे जिथे आधी कॉलर होती तिथे मानेखाली काळपट वळ दिसणार, मळ साचल्यासारखा. शॅडोचं चित्र उघडा, गळ्याभोवतीची सावली सिलेक्ट करून नव्या कडेपर्यंत खाली सरकवा, लागली तर थोडी ताणा. नवा काळा रंग ब्रशने घालू नका, त्याच चित्रातली सावली वापरली की ती बाही आणि कमरेच्या सावलीशी जुळते.

नॉर्मल मॅपमध्ये जुन्या कॉलरची शिलाई आहे. रंग गेला तरी उठाव राहतो, म्हणून उघड्या त्वचेवर गोल वळ उमटतो, आणि तो दिव्याखाली सिम उभा राहिला की जास्त दिसतो. हे चित्र एडिटरमध्ये विचित्र दिसतं, त्यावर साधे रंग ओढले तर भलतेच खड्डे पडतात. नवीन असाल तर सरळ Make Blank दाबा. घड्या बऱ्याचशा डिफ्यूजमध्येच रंगवलेल्या असल्यामुळे फार काही गमावत नाही, उलट खणाच्या बुट्ट्यांवर टी-शर्टच्या शिलाया उठण्यापेक्षा हे बरं.

स्पेक्युलरची साइज डिफ्यूजच्या निम्मी असते, ५१२ × १०२४, ती तशीच ठेवा. टी-शर्ट कॉटनचा, त्यामुळे त्याला चमक जवळजवळ नसते. सुती खण हवा असेल तर हात लावू नका किंवा तेही ब्लँक करा. रेशमी हवा असेल तर एक युक्ती आहे: अंगाला बसणाऱ्या टॉप्सची जागा चौकटीत बहुतेक सारखीच असते, म्हणून बेस गेममधला एखादा सॅटिनसारखा चमकणारा घट्ट टॉप शोधा, त्याची वेगळी कॉपी उघडून स्पेक्युलर एक्सपोर्ट करा आणि तुमच्या टॉपमध्ये इम्पोर्ट करा. त्याला बटणं असतील तर बटणांची चमकही येईल, तेवढं बघून निवडा. आणि गळ्याचा भाग त्यातून काढायला विसरू नका, नाहीतर उघडी त्वचाही सॅटिनची.

स्टुडिओतल्या सिमवर चमक बघून निर्णय घेऊ नका. तिथला उजेड गेमपेक्षा वेगळा असतो, खरी चमक गेममध्येच बघायची, एकदा उन्हात आणि एकदा घरात रात्री.

८. आणखी रंग, आणि खुणा

आता जांभळा खण झाला, हिरवा आणि डाळिंबी हवा असेल तर Add Swatch. एडिटरमध्ये फक्त पॅटर्नच्या लेयरचा रंग बदला, बाकी सगळं तसंच. प्रत्येक स्वॅचवर क्लिक करून चारही चित्रं एकदा डोळ्याखालून घाला, कारण एखाद्यावर नवा डिफ्यूज आणि जुनी शॅडो असं मिश्रण राहू शकतं. स्वॅचचा छोटा चौकोन कुठल्या रंगाचा दिसावा तेही बदला, सगळे पांढरे राहिले तर गेममध्ये कोणता कुठला कळणार नाही.

Categories टॅबमध्ये कपडा रोजचा, फॉर्मल, पार्टी कशात दिसावा ते ठरवा. तिथेच रँडमच्या खुणा असतात, त्या काढून टाका. नाही काढल्या तर गेम अनोळखी सिम बनवताना तुमचा टॉप कुणालाही घालतो, आणि पोस्टमन बाई खणाच्या टॉपमध्ये पत्रं वाटताना दिसली की हसू येतं, पण एकदाच.

९. गेममध्ये टाका

सेव्ह करा आणि .package फाइल इथे ठेवा:

```
Documents/Electronic Arts/The Sims 4/Mods
```

गेममध्ये Game Options > Other मध्ये जाऊन Enable Custom Content and Mods वर खूण करा आणि गेम बंद करून पुन्हा सुरू करा. रीस्टार्ट केल्याशिवाय काही दिसत नाही. कपड्यांच्या यादीत तुमच्या टॉपवर छोट्या पान्याची खूण असेल, त्यावरून सापडतो.

काही बिघडलं तर

टॉप दिसतच नाही: आधी ती Enable वाली खूण बघा. गेमचा अपडेट आला की ती आपोआप निघते, दर वेळी लोक घाबरून सगळं पुन्हा डाउनलोड करतात. मग फाइल अजून झिपमध्येच तर नाही ना ते बघा.

टॉप दिसतो पण यादीतलं छोटं चित्र जुनंच: गेम बंद करून Mods च्या बाहेरची localthumbcache.package फाइल डिलीट करा. घाबरू नका, गेम ती पुन्हा बनवतो, सेव्ह गेमला काही होत नाही.

नक्षी धुरकट: ग्राफिक्स सेटिंगमध्ये सिमची क्वालिटी वाढवा आणि Uncompressed Sim Textures वर खूण करून बघा. ही खूण केल्यावर स्वच्छ दिसलं तर तुमचं चित्र ठीक आहे, पण तुमचा टॉप वापरणाऱ्या सगळ्यांकडे ती सेटिंग नसणार, म्हणून रेघा जाड करणं हाच खरा उपाय.

पँटवर किंवा मांडीवर डाग: डिफ्यूजमध्ये टॉपच्या जागेबाहेर काहीतरी राहिलंय. मागे एक काळा लेयर टाका, पारदर्शक जागेतला फिकट कचरा लगेच दिसेल, खोडा आणि पुन्हा इम्पोर्ट करा.

टॉप इतरांना द्यायचा असेल तर दोन नियम. दुसऱ्या क्रिएटरच्या आकारावर काम केलं असेल तर त्याच्या अटी वाचा, बरेच जण रंग बदलायला परवानगी देतात पण मूळ मेश सोबत द्यायला नाही. आणि गेमची कंपनी ईए हिच्या धोरणाप्रमाणे असा कपडा कायमचा पैशाच्या मागे ठेवता येत नाही, काही काळ आधी सपोर्टर लोकांना दिला तरी नंतर सगळ्यांना फुकट द्यावा लागतो. फाइलच्या नावात कोणता स्वॅच काय ते लिहा, आणि सोबत गेममधला स्क्रीनशॉट टाका, स्टुडिओतला नको.